टाकीचं सपाट गोल झाकण किती एमएमचं घ्यायचं? २ बारचं एक उदाहरण धरून

एक उभी गोल टाकी समजा, व्यास साधारण ६०० एमएम, आत २ बार प्रेशर (कारखान्यात याला २ किलो म्हणतात, जवळपास तेच), वरून सपाट गोल झाकण आणि ते गॅस्केट घालून नट-बोल्टने आवळलेलं. प्रश्न एवढाच की झाकणाला किती जाडीची प्लेट घ्यायची. बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं की टाकीचा पत्रा ५ एमएमचा आहे ना, मग झाकण ८ किंवा १० चं घाला, दुप्पट झालं की बास. हा अंदाज इथे चालत नाही, आणि का चालत नाही हे कळलं की बाकीचं सगळं गणित आपोआप समजायला लागतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टाकीची भिंत म्हणजे शेल, गोल वळलेला पत्रा. आतून प्रेशर आलं की तो पत्रा सगळीकडून फक्त ताणला जातो, जाडीतला प्रत्येक थर सारखाच ताण घेतो, कुठलाही थर फुकट बसलेला नसतो. तिथला ताण म्हणजे प्रेशर गुणिले त्रिज्या भागिले जाडी, बस. आपल्या टाकीत प्रेशर ०.२ मेगापास्कल (१ मेगापास्कल म्हणजे दर चौरस एमएमवर १ न्यूटन), त्रिज्या ३००, आणि स्टीलवर १२५ मेगापास्कलपर्यंत ताण येऊ द्यायचा ठरवलं तर शेलला लागणारी जाडी येते ०.४८ एमएम. हो, अर्धा एमएमसुद्धा नाही. ५ एमएमचा पत्रा आपण घेतो तो वेल्डिंग नीट व्हावं, टाकी उचलताना चेपू नये, गंज खाल्ला तरी काही उरावं म्हणून. झाकण मात्र सपाट आहे, ते ताणून प्रेशर पेलत नाही तर वाकून पेलतं, आणि वाकण्यात प्लेटचा वरचा थर ताणला जातो, खालचा दाबला जातो आणि मधला थर जवळजवळ काहीच करत नाही. म्हणून त्याच प्रेशरला, त्याच व्यासाला, त्याच स्टीलच्या झाकणाला शेवटी १६ एमएम लागणार आहेत, ते कसं ते खाली बघूच. प्रेशरच्या टाक्यांना शक्य तिथे फुगीर डिश एंड का लावतात त्याचं कारणही हेच, डिश परत ताणून काम करते. सपाट झाकण आपण घेतो ते उघडायची सोय म्हणून, किंवा लेथवर चटकन बनतं म्हणून.

आता झाकणावर जोर किती येतो ते बघा. गॅस्केटचा मधला व्यास ६०० धरला तर क्षेत्रफळ साधारण २,८२,७०० चौरस एमएम, गुणिले ०.२, म्हणजे ५६,५०० न्यूटन, पावणेसहा टन. २ किलो ऐकायला किरकोळ वाटतं पण झाकण वर उडवायला पावणेसहा टनांचा जोर सतत लागलेला असतो, बोल्टवर तो आलाच आणि झाकणाला मधून फुगवायचं कामही तोच करतो.

पुस्तकात इथे लगेच चौथ्या दर्जाचं डिफरन्शिअल इक्वेशन येतं आणि निम्मे लोक पान उलटतात. त्याची गरज नाही. नुसत्या बॅलन्सने तुम्ही उत्तराच्या अगदी जवळ पोचता, आणि मला ही पद्धत फार आवडते कारण यात लपवलेलं काहीच नाही. झाकण मनातल्या मनात व्यासावरून बरोबर मधोमध कापा आणि फक्त एक अर्धं झाकण हातात घ्या. त्याच्यावर प्रेशर खालून वर ढकलतंय, एकूण जोर सगळ्या झाकणाच्या निम्मा. हा जोर कुठे लागतो? अर्धवर्तुळाच्या गुरुत्वमध्यावर, म्हणजे कापलेल्या रेषेपासून 4a/3π इतक्या अंतरावर, a म्हणजे त्रिज्या. आणि झाकणाला खाली धरून ठेवणारा जोर कुठे लागतो? तो कडेला, अर्ध्या परिघावर सारखा पसरलेला, त्याचा मध्य कापलेल्या रेषेपासून 2a/π अंतरावर. दोन्ही जोर सारखे, दिशा उलट, पण जागा वेगळी, कडेचा जोर जरा जास्त लांब. त्यामुळे ते दोघं मिळून अर्ध्या झाकणाला कापलेल्या रेषेभोवती फिरवायला बघतात, आणि तो फिरवणारा मोमेंट प्लेटने कापलेल्या रेषेवर स्वतःच्या अंगातून पेलायला लागतो, दुसरं कोणी तिथे नाहीये. आकडे घातले तर

```
M(total) = (π a² q / 2) × (2a/π − 4a/3π) = q a³ / 3
M(avg)   = (q a³ / 3) / (2a) = q a² / 6
```

q म्हणजे प्रेशर. दुसऱ्या ओळीत आपण फक्त एकूण मोमेंट कापलेल्या रेषेच्या लांबीवर, म्हणजे 2a वर, सारखा वाटला. आता t जाडीच्या प्लेटच्या एक एमएम रुंद पट्टीवर M मोमेंट आला तर तिच्या पृष्ठभागावरचा ताण 6M/t² असतो, हे कुठल्याही चौकोनी काटछेदाच्या बीमसारखंच. म्हणजे सरासरी ताण

```
σ(avg) = q (a/t)²
```

एवढं सुटसुटीत. प्रेशर गुणिले त्रिज्या-जाडीच्या गुणोत्तराचा वर्ग. यात स्टील आहे की ॲल्युमिनियम याचा संबंध नाही, फक्त एकच गोष्ट आपण धरलीये की झाकण कडेला नुसतं टेकलंय, कडेने त्याला कलायला मोकळीक आहे. यातूनच दोन कामाच्या गोष्टी निघतात. जाडी व्यासाच्या प्रमाणात वाढते, व्यास दुप्पट केला की प्लेट दुप्पट जाड, आणि वजन मग आठ पट. पण प्रेशर दुप्पट केलं तर जाडी फक्त १.४१ पट वाढते, कारण ती वर्गमुळात आहे. म्हणून मोठं झाकण हे जास्त प्रेशरच्या झाकणापेक्षा जास्त त्रास देतं, आणि मॅनहोल उगाच ५०० वरून ६०० करायचा मोह होतो तेव्हा हे आठवावं.

आता ही सरासरी आहे, आणि प्लेट सरासरीवर वाकत नाही, जिथे मोमेंट सगळ्यात जास्त तिथे पहिल्यांदा स्टील यील्ड होतं. टेकलेल्या झाकणात तो मधोमध असतो आणि कडेकडे कमी होत जातो. नेमकं किती ते इक्वेशन सोडवूनच कळतं, आणि गोल प्लेटसाठी ते १८२९ साली फ्रान्समध्ये सिमेओं पॉइसाँ यांनी सोडवून ठेवलंय, ज्यांच्या नावाचा पॉइसाँ रेशो आपण अजून वापरतो. स्टीलसाठी तो ०.३. मधला मोमेंट येतो qa² च्या ०.२०६ पट, आपली सरासरी होती ०.१६७, म्हणजे आपण फार लांब नव्हतो. त्यावरून सगळ्यात जास्त ताण

```
टेकलेली कड :  σ(max) = 1.24 q (a/t)²   (मधोमध)
आवळलेली कड :  σ(max) = 0.75 q (a/t)²   (कडेला)
```

दुसरी ओळ कडेला पक्कं आवळलेल्या झाकणाची, म्हणजे कड जराही कलू शकत नाही अशी. तिथे गंमत अशी होते की सगळ्यात जास्त ताणाची जागाच बदलते. मधला ताण ०.४९ पटीवर खाली येतो पण कडेला ०.७५ उभा राहतो. मधोमध फुगणंही चौपटीने कमी होतं. कागदावर बघितलं तर आवळलेली कड हा सरळ फायद्याचा सौदा दिसतो, आणि इथेच जाडीचा हिशोब बहुतेक वेळा चुकतो.

आधी आकडे घालू. स्टील आयएस २०६२ मधलं ई२५०, २० एमएमच्या आतल्या प्लेटला यील्ड २५० मेगापास्कल, त्याच्या निम्मा म्हणजे १२५ चालू देऊ (तुमच्या कोडमध्ये त्या मटेरियलचा आकडा टेबलात असतो, तो घ्या, मी इथे हिशोब डोळ्यासमोर राहावा म्हणून निम्मा घेतोय). वरचं समीकरण उलटं केलं की जाडी मिळते.

```
टेकलेली :  t = 300 × √(1.24 × 0.2 / 125) = 13.4 mm
आवळलेली :  t = 300 × √(0.75 × 0.2 / 125) = 10.4 mm
```

३ एमएमचा फरक, आणि तो फरक पूर्णपणे एका गृहितावर उभा आहे की कड कलते का नाही. आता विचार करा, झाकण ५ एमएमच्या शेलवर थेट वेल्ड केलं तर ते आवळलेलं म्हणायचं का? बघताना घट्टच वाटतं. पण प्लेटचा वाकायला होणारा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो, १० एमएमचं झाकण ५ एमएमच्या पत्र्याच्या आठ पट ताठ, मग झाकणाची कड कलायला लागली की तो पत्रा तिला धरून ठेवणार नाही, तिच्याबरोबर तोही वाकणार. म्हणजे खरी कड या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असते आणि पातळ शेलवर ती टेकलेल्याच्या बाजूला झुकते. आवळलेली कड खरोखर मिळते ती झाकण जाड रिंगवर असेल किंवा सबंध फोर्जिंगमधून कोरलेलं असेल तेव्हा. नाहीतर १.२४ च घ्यावं, हे माझं ठाम मत आहे, कारण १.२४ ने काढलेली जाडी आवळलेल्या कडेलाही पुरते पण ०.७५ ने काढलेली टेकलेल्या कडेला पुरत नाही.

वेल्ड केलेल्या झाकणाबद्दल अजून एक सांगायलाच हवं. कडेला जो ताण येतो तो झाकणाच्या आतल्या बाजूला ओढणारा असतो, म्हणजे बरोबर त्या कोपऱ्यात जिथे वेल्डचं मूळ आहे आणि जिथे बाहेरून काहीच दिसत नाही. नुसती बाहेरून फिलेट मारली असेल तर आत एक न भरलेली फट असते, ती म्हणजे तयारच चीर, आणि टाकी रोज भरते-रिकामी होते तशी ती थोडी थोडी उघडत जाते. टेकलेल्या झाकणात ओढणारा ताण बाहेरच्या पृष्ठभागावर मधोमध असतो, तिथे काही झालं तर रंगाला पडलेल्या भेगांवरून निदान कळतं तरी. म्हणून वेल्डचं सपाट झाकण असेल तर कोपऱ्यात पूर्ण आरपार वेल्ड मागा, फिलेटवर भागवू नका.

आता आपल्या बोल्टच्या झाकणाकडे. ते बोल्टने आवळलेलं असलं तरी गॅस्केटवर त्याची कड कलू शकते, म्हणून हिशोबात ते टेकलेलंच धरायचं. इथे १३.४ एमएम काढून थांबलं तर अजून एक मोठी गोष्ट राहते, आणि ती प्रेशर नसतानाही झाकणाला वाकवत असते. गॅस्केट ६०० च्या व्यासावर आहे, पण बोल्ट तिथे नाहीत, ते बाहेर ६८० च्या वर्तुळावर आहेत, मधे ४० एमएमचं अंतर. बोल्ट आवळले की ते झाकणाची बाहेरची कड खाली ओढतात, गॅस्केट खालून टेकू देतं, आणि झाकण गॅस्केटवर तरफेसारखं होऊन मधून वर उचललं जायला बघतं. प्रेशरही त्याला मधून वरच फुगवतंय. दोन्ही एकाच दिशेला, म्हणजे दोन्हींची बेरीज.

किती ते काढू. बोल्टनी निदान ५६.५ किलोन्यूटन तर पेलायलाच हवेत, वर गॅस्केट दाबून ठेवायला काही जास्तीचे, म्हणून एकूण ७५ किलोन्यूटन धरू. हा जोर ४० एमएमच्या हातावर फिरतो आणि ६०० व्यासाच्या परिघावर वाटला जातो.

```
M(bolt)     = 75000 × 40 / (π × 600) ≈ 1590 N·mm/mm
M(pressure) = 0.206 × 0.2 × 300²     ≈ 3710 N·mm/mm
t           = √(6 × (1590 + 3710) / 125) ≈ 16 mm
```

बघा, १३.४ वरून सरळ १६ वर. बोल्टचा वाटा एकूण मोमेंटच्या तीस टक्के आहे, दुर्लक्ष करण्यासारखा अजिबात नाही. आणि बोल्टचं वर्तुळ अजून बाहेर गेलं, म्हणजे पाना फिरवायला जागा हवी म्हणून ४० चे ६० केले, तर बोल्टचा मोमेंट दीडपट होतो. म्हणून बोल्ट गॅस्केटच्या जितके जवळ बसवता येतील तितके बसवायचे, फक्त पाना बसेल एवढी जागा ठेवून.

ज्यांनी प्रेशर व्हेसलचं काम केलंय त्यांनी एएसएमई कोडच्या आठव्या सेक्शनमधलं यूजी-३४ चं सूत्र वापरलं असेल, बोल्टच्या झाकणासाठी ते असं आहे:

```
t = d √( C P / (S E)  +  1.9 W hG / (S E d³) )
```

यात d म्हणजे गॅस्केटचा व्यास, P प्रेशर, S चालू द्यायचा ताण, W बोल्टचा एकूण जोर, hG बोल्ट आणि गॅस्केटमधलं अंतर, C असतो ०.३, E म्हणजे वेल्ड जॉइंटचा गुणांक, आपल्या अखंड प्लेटला तो १. बरेच जण हे १.९ आणि ०.३ पाठ करून वापरतात, ते कुठून आले हे कोणी सांगत नाही. पण आपण आत्ता जे केलं तेच हे आहे. आपल्या १.२४ मधली त्रिज्या व्यासात बदलली की चारने भागून ०.३१ येतं, तोच C. आणि ताणाचा ६ भागिले परिघातला π म्हणजे १.९१, तोच १.९. आपल्या झाकणाचे आकडे त्यात घातले तर उत्तर येतं १५.८ एमएम. त्या सूत्रात कुठलीही जादू नाही, कडेला टेकलेली प्लेट अधिक बोल्टचा मोमेंट, एवढंच आहे, आणि हे माहीत असलं की ते कुठे लागू पडतं आणि कुठे नाही हेही कळतं.

इथेच एक सावधगिरी. काही ठिकाणी सूत्र त्रिज्येत असतं, काही ठिकाणी व्यासात. ०.३ घेऊन त्रिज्या घातली तर जाडी निम्मी येते आणि ताण चौपट. १.२४ घेऊन व्यास घातला तर जाडी दुप्पट येते, ते निदान जीवावर बेतत नाही. उत्तर आल्यावर ते q(a/t)² मध्ये परत घालून बघायचं, आपल्या झाकणाला ०.२ गुणिले (३००/१६) चा वर्ग म्हणजे ७० मेगापास्कल, त्याच्या सव्वापट प्रेशरचा ताण आणि वर बोल्टचा वाटा, १२५ च्या आसपास जातंय, म्हणजे चूक नाहीये.

१६ ही लागणारी जाडी झाली, बाजारातून आणायची नाही. आतून पाणी किंवा काही खाणारं द्रव्य असेल तर गंजासाठी निदान १.५ एमएम वर धरा, गॅस्केट बसायची जागा लेथवर फेस करताना जाईल ते वेगळं, आणि प्लेटची स्वतःची जाडीही सांगितल्यापेक्षा थोडी कमी भरू शकते. १७.५ च्या वरची मिळणारी जाडी म्हणजे १८, पण फेसिंग धरून मी २० च घेईन.

ताण झाला, पण झाकणाचं काम फक्त न फुटणं एवढंच नाही, गळायलाही नको. आणि खरं सांगायचं तर असली झाकणं फुटण्याच्या खूप आधी गळतात. १६ एमएमच्या झाकणाला २ बारवर मधोमध किती फुगवटा येतो ते काढलं तर प्रेशरचा साधारण १.४ एमएम आणि बोल्टचा ०.७, मिळून २.१. हे फार नाही. पण फुगताना कड कलते, आणि तो कल येतो साधारण ०.०१२ रेडियन, पाऊण अंशाच्या आत. २० एमएम रुंदीच्या गॅस्केटवर त्याचा अर्थ असा की आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा पाव एमएमने जास्त उघडते. जाड रबर गॅस्केट हे सहज भरून काढतं, पण पातळ आणि कडक शीट असेल तर पाव एमएमही त्याला जड जातं. म्हणून झाकण उघडाल तेव्हा जुनं गॅस्केट फेकू नका, आधी नीट बघा. बाहेरची कड चेपून चकचकीत कडक झालीये आणि आतली कड फुगीर, ओलसर, जवळजवळ नव्यासारखी आहे असं दिसलं तर झाकण कलतंय. बोल्ट अजून आवळणं हा त्याच्यावरचा उपाय नाही, कारण जास्त आवळलं की तो ४० एमएमच्या हाताचा मोमेंट अजून वाढतो आणि झाकण अजून कलतं. उपाय म्हणजे जाडी, किंवा बोल्ट आत घेणं, किंवा गॅस्केट अरुंद करून ओ-रिंगच्या खाचेत जाणं. कल जाडीच्या घनाने कमी होतो, १६ ची २० केली की तो निम्म्यावर येतो, म्हणून वरती २० म्हटलं त्याला हेही कारण आहे.

ही सगळी सूत्रं पातळ प्लेटची आहेत, आणि पातळ म्हणजे कुठपासून कुठपर्यंत हे माहीत हवं. जाड बाजूला, व्यास जाडीच्या दहापटीपेक्षा कमी झाला की शिअर म्हणजे कातरणारा ताणही मोजायला लागतो. आपला व्यास जाडीच्या तीस ते अडतीस पट आहे, तो प्रश्न नाही. दुसऱ्या टोकाला, फुगवटा जाडीच्या निम्म्याच्या पुढे गेला की प्लेट नुसती वाकत नाही तर ताणलीही जायला लागते आणि सूत्र खोटं बोलायला लागतं. आपल्याकडे २.१ एमएम फुगवटा, जाडीचं निम्मं ८, म्हणजे निवांत आहे. पण समजा कोणी म्हणालं ३ एमएमचा पत्रा लावून बघू, तर सूत्र फक्त प्रेशरचा ताण सांगतं जवळपास २,५०० मेगापास्कल आणि फुगवटा २०० एमएमच्या वर. हे दोन्ही आकडे खरे नाहीत, पत्रा त्याच्या आधीच कायमचा फुगून बशीसारखा होईल आणि गॅस्केटमधून सगळं बाहेर येईल. असा वेडावाकडा आकडा आला की सूत्र कुठे संपलं ते त्याच्यातच लिहिलेलं असतं, फुगवटा आधी बघायचा आणि मग ताणावर विश्वास ठेवायचा.

भोकाबद्दल थोडक्यात पण महत्त्वाचं. झाकणाच्या बरोबर मधोमध प्रेशर गेजचं किंवा व्हेंटचं नोझल द्यायची सवय फार आहे, दिसायला छान दिसतं. पण टेकलेल्या झाकणात मोमेंट सगळ्यात जास्त तिथेच आहे, आणि तिथे लहानसं भोक पाडलं तरी भोकाच्या काठावरचा ताण दुप्पट होतो, भोक लहान आहे म्हणून कमी होत नाही. एएसएमई मध्येही व्यासाच्या निम्म्यापर्यंतच्या भोकाला एक मार्ग असा दिलाय की जाडीच्या हिशोबातला आकडा दुप्पट धरा, म्हणजे जाडी १.४१ पट, आपल्या झाकणाची १६ ची साधारण साडेबावीस होईल. दुसरा मार्ग म्हणजे भोकाभोवती कापून गेलेल्या मटेरियलच्या बदली पॅड किंवा जाड नोझल देऊन भरपाई करणं. आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे ते नोझल शेलवर सरकवणं, जिथे आपल्याला अर्ध्या एमएमची गरज असताना ५ एमएम पडलेत.

शेवटी तपासणी. झाकण बसवून हायड्रो टेस्ट करताना, पाण्यानेच, हवेने नाही, कारण दाबलेल्या हवेत साठलेली ऊर्जा पाण्याच्या मानाने प्रचंड असते आणि काही सुटलं तर ते बंदुकीसारखं सुटतं, झाकणाच्या मधोमध मॅग्नेटिक स्टँडवर डायल गेज लावा. स्टँड टाकीच्या फ्लँजवर उभा करा, झाकणावर नाही, नाहीतर तोही बरोबर वर जाईल. बोल्ट आवळून झाल्यावर गेज शून्य करा, मग प्रेशर अर्ध्या-अर्ध्या बारने चढवा आणि प्रत्येक टप्प्यावर वाचन लिहा. २० एमएमच्या झाकणाला २ बारवर साधारण ०.७ एमएम यायला हवं, फ्लँज आणि गॅस्केट थोडं दबतं म्हणून जरा जास्त दिसेल, आणि टेस्टचं प्रेशर डिझाइनच्या १.३ पट म्हणजे २.६ बार असेल तर ०.९ च्या आसपास. वाचन प्रेशरच्या प्रमाणात सरळ रेषेत चढत राहिलं की ठीक. मधेच एका टप्प्याला जास्त उडी दिसली तर थांबा, तिथे एकतर गॅस्केट सरकतंय किंवा प्लेट यील्ड होतेय. प्रेशर उतरवल्यावर काटा शून्याजवळ परत आला पाहिजे. एक-दोन शतांश एमएम राहिलं तर ते बैठकीचं असतं, परत एकदा चढवून उतरवलं की ते वाढत नाही. दुसऱ्या फेरीतही ते वाढलं तर झाकण कायमचं वाकतंय, आणि मग बोल्ट, गॅस्केट काहीही न बदलता आधी प्लेटची खरी जाडी आणि स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट तपासायचं.